घर बदलताना सामानाचा तक्ता: क्रमांक, खोली आणि नाजूकपणा कसा नोंदवायचा

दुसऱ्या शहरात घर हलवताना सामानाबद्दल दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. ट्रकमधून सगळं उतरलं का, हा एक. आणि अमुक वस्तू कुठे आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बॉक्स मोजून मिळतं, दुसऱ्याचं वस्तूंच्या यादीतून. माझ्या पहिल्या स्थलांतरात मी फक्त बॉक्सवर ‘किचन’, ‘बेडरूम’, ‘इतर’ असं लिहिलं होतं. एकूण बॉक्स किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे एक बॉक्स आलाच नाही, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही त्यातली इस्त्री शोधताना. सामान आणणाऱ्यांना विचारायची वेळ तोवर निघून गेली होती, आणि त्या बॉक्समध्ये आणखी काय होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या वेळी मी तक्ता केला. स्तंभ पाचच: खोली, वस्तू, बॉक्स क्रमांक, नाजूकपणा आणि स्थिती. सहावा शेऱ्याचा. पहिल्यांदाच घर हलवणाऱ्यांनी हा तक्ता कसा भरावा, आणि तो कुठे बिघडतो, ते इथे क्रमाने लिहितो.

एक ओळ म्हणजे एक वस्तू

तक्ता सुरू करताना पहिला मोह होतो तो एका बॉक्सला एक ओळ देण्याचा. ‘बॉक्स ५: भांडी, कपडे, थोडी पुस्तकं.’ असं लिहिलं की शोध घेताना काहीच हाती लागत नाही. म्हणून ओळ वस्तूला द्यायची आणि बॉक्सचा क्रमांक त्या ओळीत लिहायचा. एका बॉक्समध्ये आठ वस्तू असतील तर तोच क्रमांक आठ ओळींत येईल. तसाच तो यायला हवा.

मग प्रत्येक चमच्याला ओळ द्यायची का? नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: नव्या घरात ही एकच वस्तू मी वेगळी शोधणार आहे का? चमचे मी एकेक शोधणार नाही, सगळे मिळून शोधणार. म्हणून ‘चमचे, २४’ ही एक ओळ. कात्री मात्र एकटी शोधली जाते, आणि तीही पहिल्याच दिवशी, तेव्हा तिला स्वतंत्र ओळ. पुस्तकांची नावं लिहायची गरज नाही, ‘पुस्तकं, सुमारे ३०’ पुरतं. पण त्यात मुलांची चालू वर्षाची पाठ्यपुस्तकं असतील तर ती वेगळी लिहा. संच असेल तिथे संख्या लिहायलाच हवी. सहा बाऊल गेले आणि पाच निघाले, हे संख्येशिवाय कळत नाही.

‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ अशी ओळ तक्त्यात येऊच देऊ नका. पॅकिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत हात थकलेले असतात आणि तेव्हाच ही ओळ घुसते. चार्जर, चाव्या, पडद्यांचे हुक, रिमोट, सगळं तिच्यात जाऊन बसतं. नव्या घरात पहिल्या आठवड्यात जे शोधावं लागतं ते बहुतेक यातलंच असतं.

खोली म्हणजे नव्या घरातली खोली

यादी करताना आपण जुन्या घरात एकेका खोलीत फिरतो, म्हणून हात आपोआप जुन्या खोलीचं नाव लिहितो. पण हा स्तंभ कामाला येतो तो सामान उतरवताना. दारात उभा असलेला माणूस विचारतो, ‘हा कुठे ठेवू?’ तेव्हा वस्तू जिथे जाणार आहे तिथलं नाव हवं. जुन्या बेडरूममधलं अभ्यासाचं टेबल नव्या घरात हॉलमध्ये लागणार असेल तर तक्त्यात ‘हॉल’ लिहा. नवं घर अजून नक्की नसेल तर तूर्त जुनी नावं ठेवा आणि बॉक्सवर लेबल लावण्याआधी ती बदला.

नावं मोजकी आणि ठरलेली असू द्या. एकदा ‘स्वयंपाकघर’, एकदा ‘किचन’, एकदा ‘स्वयंपाक घर’ असं लिहिलं की फिल्टर लावल्यावर तीन वेगळ्या खोल्या दिसतात आणि प्रत्येकीत थोडं थोडं सामान. Google Sheets किंवा Excel मध्ये Data validation वापरून या स्तंभाला ड्रॉपडाउन यादी दिली की हा घोळ होत नाही. नव्या घरात पोचल्यावर तीच नावं कागदावर लिहून दारांना चिकटवा. उतरवणाऱ्यांना तुमचं घर माहीत नसतं. लेबलवरचा शब्द आणि दारावरचा शब्द जुळला की त्यांना तुम्हाला विचारावं लागत नाही.

क्रमांक: सलग, न तुटणारा, एकदाच वापरायचा

तक्त्याचा सगळा भार या स्तंभावर आहे. अनेक जण K1, K2, B1, B2 असे खोलीनुसार क्रमांक देतात. दिसायला छान, पण मोजताना फसवे. K मालिकेतला शेवटचा आकडा कोणता होता, हे उतरवण्याच्या गडबडीत कोणालाच आठवत नाही. शिवाय K1 नंतर K10 आणि मग K2 असा उलटसुलट क्रम लागतो. खोलीसाठी वेगळा स्तंभ आहेच, क्रमांकात ती पुन्हा कशाला?

साधा सलग क्रमांक द्या: 001, 002, 003. शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या. तीन अंकी लिहायचं कारण बॉक्सवर आहे: घाईत मार्करने लिहिलेला एकटा 1 आणि 7 ओळखायला चुकतात, तीन अंक ठसठशीत लिहिले की चूक कमी होते. तक्त्यात 007 टाइप केलं की पुढची शून्यं गायब होऊन 7 उरतो. तेव्हा त्या स्तंभाचा Custom number format `000` असा ठेवा. आत आकडा 7 च राहतो, पुढची शून्यं फक्त दिसायला असतात. आणि आकडे इंग्रजी लिपीतलेच ठेवा, तक्त्यातही आणि बॉक्सवरही. तक्त्यात १४ लिहून 14 शोधलं तर ओळ सापडणार नाही, आणि नव्या शहरात सामान उतरवणाऱ्याला देवनागरी अंक वाचता येतीलच असं नाही.

क्रमांक फक्त बॉक्सला नाही, प्रत्येक नगाला द्यायचा. ट्रकमध्ये चढणारी प्रत्येक सुटी गोष्ट म्हणजे एक नग. गुंडाळलेली गादी, सायकल, सोडवलेल्या पलंगाच्या फळ्यांची मोळी, झाडाची कुंडी, सगळे नग. यांना बॉक्स नसतो म्हणून लोक यांना यादीत घेत नाहीत, आणि उतरवताना राहून जातात ते नेमके हेच. सोडवलेला पलंग चार नगांत जात असेल तर चार क्रमांक द्या, ‘पलंग’ अशी एकच ओळ पुरत नाही.

दोघं जण एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत भरत असतील तर दोघांकडून एकच क्रमांक दोनदा लिहिला जातो. यावर आम्ही साधा उपाय केला: 001 ते 060 असे स्टिकर आधीच लिहून एका गठ्ठ्यात ठेवले. बॉक्स भरला की वरचा स्टिकर घ्यायचा. गठ्ठा एकच असल्याने क्रमांक दोनदा लागायचा प्रश्नच उरला नाही. चढवण्याआधी एखादा बॉक्स रद्द झाला तर त्याचा क्रमांक मोकळा सोडू नका, तो पुढच्या नगाला द्या आणि तक्त्यात तशी दुरुस्ती करा. मध्ये भोक राहिलं की शेवटचा आकडा खोटं बोलतो.

क्रमांक बॉक्सच्या वर आणि शेजारच्या दोन बाजूंवर, अशा तीन ठिकाणी लिहा. फक्त वर लिहिला तर एकावर एक बॉक्स रचल्यावर तो दिसत नाही. क्रमांकाच्या खाली खोली आणि नाजूकपणाचा आकडा. आत काय आहे ते मात्र बाहेर लिहू नका. ‘लॅपटॉप’ किंवा ‘चांदीची भांडी’ हे वाटेतल्या प्रत्येकाने वाचायची गरज नाही, त्यासाठीच तक्ता आहे.

नाजूकपणा: तीन पायऱ्या पुरतात

‘नाजूक: हो किंवा नाही’ असा स्तंभ ठेवला की अर्ध्याहून जास्त घर ‘हो’ होतं. आणि प्रत्येक बॉक्सवर ‘सांभाळून’ लिहिलेलं दिसलं की उचलणारा कोणताच बॉक्स सांभाळत नाही. म्हणून वस्तू किती मौल्यवान आहे याचा विचार इथे करू नका. उचलणाऱ्याने काय करायचं, एवढंच सांगा.

1 म्हणजे वर वजन ठेवलं तरी चालेल: पुस्तकं, कपडे, स्टीलची भांडी. 2 म्हणजे वर हलकंच ठेवा: मिक्सर, प्लास्टिकचे डबे, छोटी उपकरणं. 3 म्हणजे उभंच ठेवा, वर काहीच नको: काच, चिनी माती, टीव्ही, आरसा.

बॉक्सवर लिहायचा आकडा हा आतल्या वस्तूंपैकी सर्वांत मोठा. कपड्यांच्या बॉक्समध्ये जागा उरली म्हणून काचेचा दिवा सरकवला की तो सगळा बॉक्स 3 होतो आणि ट्रकमध्ये त्याच्यावरची जागा वाया जाते. म्हणून 3 च्या वस्तू एकत्र गोळा करा. आमच्या ४६ नगांपैकी ७ वरच 3 होता, त्यामुळे चढवणाऱ्यांना ते शेवटी, वरच्या थरात ठेवा असं सांगता आलं आणि त्यांनी ते ऐकलंही. एखाद्या बॉक्सचा आकडा तक्त्यातून काढायचा असेल तर नाजूकपणा D स्तंभात आणि क्रमांक C मध्ये धरून हे सूत्र चालतं:

```
=MAXIFS(D:D,C:C,14)
```

हे Google Sheets मध्ये चालतं. Excel मध्ये ते २०१९ च्या आवृत्तीपासून आहे. जुनी आवृत्ती असेल तर त्या क्रमांकावर फिल्टर लावून डोळ्यांनी बघा, आठ-दहा ओळींचाच प्रश्न असतो.

स्थिती: जे झालं तेच लिहायचं

या स्तंभात पाच शब्द पुरे होतात: बाकी, भरली, सोबत, नको, मिळाली. सुरुवातीला सगळीकडे ‘बाकी’. वस्तू प्रत्यक्ष बॉक्समध्ये गेली की त्याच वेळी क्रमांक लिहायचा आणि ‘भरली’ करायचं. बॉक्स नसलेल्या नगावर क्रमांक चिकटला की तीही ‘भरली’. आधी बेत म्हणून क्रमांक लिहून ठेवणं इथे सर्वांत महागात पडतं. ‘ही 012 मध्ये जाईल’ असं लिहिलं, 012 भरून गेला, वस्तू 015 मध्ये गेली, आणि तक्ता तसाच राहिला. नंतर 012 पूर्ण उपसूनही वस्तू सापडत नाही, आणि एकदा असं झालं की माणूस तक्त्यावर विश्वास ठेवायचं सोडून देतो.

‘सोबत’ म्हणजे ट्रकमध्ये जाणारच नाही: कागदपत्रं, दागिने, रोजची औषधं, नव्या घराच्या चाव्या. या ओळी तक्त्यात हव्यातच, नाहीतर निघायच्या सकाळी कोणीतरी ती फाइल उघड्या बॉक्समध्ये टाकून देतं. ‘नको’ म्हणजे देऊन टाकायची किंवा विकायची वस्तू. तिला क्रमांक नाही. ती ओळ पुसू नका, तशीच राहू द्या. दोन महिन्यांनी घरात ‘आपली ती छोटी शिडी कुठे गेली?’ असं विचारलं जातंच.

काही वस्तूंना ‘भरली’ म्हणण्याआधी तयारी लागते, ती शेऱ्यात लिहा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते न लावता नेलं तर आतला ड्रम हेलकावे खात जातो आणि आतल्या भागांना मार बसतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून, पुसून कोरडा करावा लागतो. ही कामं झाल्याशिवाय त्यांच्या ओळी ‘बाकी’च राहू द्या.

रोज रात्री दोन आकडे बघा. पहिला किती उरलंय ते सांगतो. दुसरा चूक पकडतो: भरली म्हटलंय पण क्रमांक लिहायचा राहिलाय, अशा ओळी किती. तो शून्यच हवा. शून्य नसेल तर त्याच रात्री शोधा, कारण कुठला बॉक्स ते तेव्हा आठवत असतं, चार दिवसांनी आठवत नाही.

```
=COUNTIF(E:E,"बाकी")
=COUNTIFS(E:E,"भरली",C:C,"")
```

आणखी एक धोका सांगून ठेवतो. फक्त क्रमांकाचा स्तंभ निवडून सॉर्ट केलं की क्रमांक हलतात आणि वस्तू जागीच राहतात. सगळा तक्ता खोटा होतो, पण दिसायला मात्र नीटनेटका. सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडा, किंवा फिल्टरमधूनच सॉर्ट करा. चुकून झालंच तर लगेच Undo. Google Sheets मध्ये Version history तूनही मागे जाता येतं.

एक बॉक्स भरताना

आमचा 014 असा भरला. मध्यम आकाराचा बॉक्स, तळाला चोळामोळा केलेल्या कागदाचा चार बोटं जाड थर. त्यावर मिक्सरची तीन भांडी, कारण ती जड. प्रत्येकाच्या पोटात कागद कोंबलेला, झाकणं काढून वेगळी गुंडाळलेली. मग काचेचे सहा बाऊल, एकेक गुंडाळून कडेवर उभे. आडवे रचले तर सगळ्यांचा भार सर्वांत खालच्यावर येतो, उभे ठेवले तर प्रत्येक जण आपलाच भार सोसतो. मधल्या फटींत स्वयंपाकघरातले हात पुसायचे टॉवेल. चिकटपट्टी लावण्याआधी बॉक्स दोन्ही हातांनी हलकेच हलवला. आतून बारीक खडखड आली, म्हणजे कुठेतरी पोकळी होती. कोपऱ्यात आणखी कागद भरला, आवाज थांबला, मग बंद केला. मिक्सरची मोटर 014 मध्ये मावली नाही, ती 016 मध्ये गेली. अशा वेळी दोन्ही ओळींच्या शेऱ्यात एकमेकींचा पत्ता लिहायचा.

तक्त्याचा तो भाग असा दिसत होता:

| खोली | वस्तू | बॉक्स क्रमांक | नाजूकपणा | स्थिती | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| स्वयंपाकघर | काचेचे बाऊल, ६ | 014 | 3 | भरली | |
| स्वयंपाकघर | मिक्सरची भांडी, ३ | 014 | 2 | भरली | मोटर 016 मध्ये |
| स्वयंपाकघर | हात पुसायचे टॉवेल, ५ | 014 | 1 | भरली | |
| स्वयंपाकघर | मिक्सरची मोटर | 016 | 2 | भरली | भांडी 014 मध्ये |
| बेडरूम | पलंगाच्या बाजूच्या फळ्या, २ | 029 | 1 | भरली | स्क्रू 030 मध्ये |
| बेडरूम | पलंगाचे स्क्रू आणि पाना | 030 | 1 | भरली | पारदर्शक पिशवीत |
| हॉल | भिंतीवरचं घड्याळ | | 3 | बाकी | सेल काढायचा |
| हॉल | घराची कागदपत्रं | | 1 | सोबत | पाठीवरची सॅक |

014 मध्ये सर्वांत मोठा आकडा 3, म्हणून बॉक्सवर 3.

कुठून सुरुवात करायची, याबद्दल फार सांगायला नको. रोज न लागणारं आधी, म्हणजे माळा आणि कपाटाचे वरचे कप्पे. स्वयंपाकघर आणि अंथरूण-पांघरूण शेवटी. शेवटचा क्रमांक पहिल्या रात्रीच्या बॉक्सला ठेवा: चादरी, साबण, चार्जर, कात्री, एक बल्ब. ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढलेलं सर्वांत आधी उतरतं.

चढवताना आणि उतरवताना कागद

सामान चढवण्याच्या दिवशी फोन सतत वाजत असतो, तेव्हा तक्त्यात शोधत बसता येत नाही. आदल्या रात्री एका कागदावर 1 पासून शेवटच्या क्रमांकापर्यंत सगळे आकडे चौकटीत लिहा. दहा-दहाच्या ओळी केल्या की रिकामी चौकट चटकन दिसते. नग दारातून बाहेर पडला की त्याच्या आकड्यावर एक तिरकी रेघ, नव्या घराच्या दारातून आत आला की दुसरी, म्हणजे फुली होते. हे काम एकाच माणसाने दारातच उभं राहून करायचं. तो दुसऱ्या कशाला हात लावणार नाही, बॉक्स उचलून द्यायलाही नाही. एक मिनिट आत गेला की दोन नग रेघेशिवाय निघून जातात. पूर्ण तक्त्याची एक छापील प्रतही जवळ ठेवा, नव्या घरात पहिल्या दिवशी नेट असेलच असं नाही.

दुसऱ्या वेळी आमच्या कागदावर ४६ पैकी ४५ फुल्या झाल्या आणि 029 वर एकच रेघ राहिली. ट्रकवाला पैसे घेऊन निघायच्या बेतात होता. छापील तक्त्यात बघितलं: पलंगाच्या बाजूच्या फळ्या. म्हणजे शोधायचा बॉक्स नव्हता, लांब सपाट काहीतरी होतं. ट्रकमध्ये पुन्हा चढून बघितलं, तर बाजूच्या पत्र्याला टेकून उभ्या केलेल्या फळ्या तिथेच होत्या, रंगही पत्र्याच्याच जवळचा. पाच मिनिटांचं काम. मोजले नसते तर त्या रात्री पलंग जोडायला घेतल्यावर कळलं असतं, आणि तोवर ट्रक शहराबाहेर गेला असता.

सही करायच्या आधी 3 लिहिलेले बॉक्स तेवढे बाहेरून तपासा. कोपरा चेपलाय का, ओल लागलीय का, चिकटपट्टी बदललीय का. काही दिसलं तर त्याचा फोटो घ्या आणि पोच पावतीवर क्रमांकासह लिहा: ‘014 चेपलेला, आतली तपासणी बाकी.’ नुसतं ‘एक बॉक्स खराब’ लिहिलं तर नंतर कोणता ते सिद्ध करता येत नाही.

नव्या घरात बॉक्स उघडताना वस्तू हातात आली, शाबूत दिसली, की ‘मिळाली’. बॉक्स उतरला म्हणून आतल्या सगळ्या ओळी एकदम ‘मिळाली’ करू नका, सहाचे पाच बाऊल असतील तर ते इथेच कळतं. नुकसानीची तक्रार करायची मुदत आधीच विचारून ठेवा आणि 3 चे सगळे बॉक्स त्या मुदतीत उघडा, बाकीचे सवडीने. दोनेक आठवड्यांनी ‘भरली’ वर फिल्टर लावला की न उघडलेले बॉक्स आणि न सापडलेल्या वस्तू दोन्ही समोर येतात. आणि रिकामे बॉक्स ठेवून देणार असाल तर त्यांच्यावरचे जुने क्रमांक मार्करने आताच खोडा, तिन्ही बाजूंचे.